स्क्रीनवर चारदा वाचलं, तरी प्रूफावर तीन चुका

*प्रश्न : मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत लेखनिक आहे. यंदाचा वार्षिक अहवाल मी संगणकावर चार वेळा वाचला, एकही चूक दिसली नाही. प्रेसमधून कागदावर प्रूफ आलं आणि पहिल्याच पानावर तीन चुका डोळ्यांत भरल्या. ‘अध्यक्षांच्या’चं ‘अध्यक्षाच्या’, ‘आर्थिक’चं ‘आर्थीक’ आणि ‘सर्व सर्व’ असं दोनदा. हा डोळ्यांचा दोष की स्क्रीनचा? आता दर वेळी छापूनच बघायचं का?*

तुमच्या तिन्ही चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी लपल्या होत्या. लक्ष्मीपुरीतल्या एका प्रेसमध्ये शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळापासून मी मुद्रितशोधन करतोय. माझा अंदाज विचाराल तर या तिघींपैकी एक कागदामुळे सापडलीच नाही.

ती म्हणजे ‘सर्व सर्व’. तुम्ही मजकूर वर्डमध्ये ए-फोर पानावर टाइप केला असणार. तिथे पहिला ‘सर्व’ ओळीच्या शेवटी होता आणि दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही, तो उड्या मारतो. एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो, पुढे उडी घेतो, पुन्हा थांबतो. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढाच भाग एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो. ‘आणि’, ‘सर्व’, ‘हे’ असे छोटे नेहमीचे शब्द डोळा बऱ्याचदा ओलांडूनच जातो, आणि ओळ संपली की डावीकडे मोठी झेप घेतो. त्या झेपेत मागच्या ओळीचा शेवटचा शब्द आणि नव्या ओळीचा पहिला शब्द एकमेकांशी ताडून बघायचं काम कोणी करतच नाही. प्रेसमध्ये तोच मजकूर पुस्तकाच्या लहान मापात बसवला, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या आणि दोन्ही ‘सर्व’ शेजारी शेजारी आले. तुम्ही ते पान छापलं नसतं आणि वर्डमध्येच समास बदलून ओळी अरुंद केल्या असत्या, तरी ही चूक दिसली असती.

उरलेल्या दोन चुकांत मात्र कागदाचा हात आहे, आणि त्याचं कारण आपली देवनागरी. मराठीतल्या बऱ्याच चुका अक्षराच्या पोटात नसतात, त्या डोक्यावर किंवा पायाशी असतात : टिंब, रफार, वेलांटी, उकार. डोळा वाचतो तो मधला पट्टा, शिरोरेघेच्या लगेच खालचा. त्यावरून शब्द ओळखू आला की वरखाली काय आहे हे तो तपासत नाही, गृहीत धरतो.

आता हिशेब करून बघू. १२ पॉइंट म्हणजे एक षष्ठांश इंच. साध्या मॉनिटरवर इंचाला ९६ पिक्सेल धरले तर वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत सगळ्या उंचीला मिळून १६ पिक्सेल येतात. त्यात टिंबाच्या वाट्याला दोनेक. तुमच्या ऑफिसात १३६६ बाय ७६८ चा जुना मॉनिटर असेल आणि तुम्ही पूर्ण पान दिसेल असं ठेवून वाचत असाल, तर अख्ख्या पानाला जेमतेम ६०० पिक्सेल उंची मिळते. मग एका अक्षराला उरतात आठ-नऊ. त्यात टिंब म्हणजे करड्या रंगाचा एक डाग, असला काय नि नसला काय. ६०० डीपीआयच्या साध्या लेझर प्रिंटरवर त्याच अक्षराला उभे १०० ठिपके मिळतात. तिथे टिंब गोल, काळं आणि सुटं दिसतं, आणि नसेल तर त्याची जागा मोकळी दिसते.

‘आर्थीक’चंही तसंच. ‘र्थि’ आणि ‘र्थी’ यांत डोक्यावर रफार आणि वेलांटीची कमान एकत्र गर्दी करतात. फरक उरतो तो उभी रेघ ‘थ’च्या कुठल्या बाजूला आहे एवढाच. थोड्या पिक्सेलांत तो सगळा गुंता एक काळा ठिपका होऊन बसतो. हा भाग बऱ्याच अंशी स्क्रीनवरही सुधारता येतो. पान २०० टक्के मोठं करून वाचा, टिंबं आणि वेलांट्या बऱ्यापैकी सुट्या होतात. पण मोठं केलं की एका वेळी पानाचा तुकडाच दिसतो, आणि त्याचे वेगळे तोटे आहेत, ते पुढे सांगतो.

‘अध्यक्षाच्या’ ही चूक मात्र मोठं करूनही तुम्हाला दिसली नसती असं मला वाटतं. कारण तो शब्द चुकीचा नाही. ‘अध्यक्षाच्या’ हा व्याकरणात बसणारा शब्द आहे, स्पेलचेक त्याला हात लावणार नाही. टिंब गेल्यामुळे गेला तो फक्त आदर. सभेत कोणीतरी उठून विचारेपर्यंत ते कळत नाही, आणि आपल्याकडे ते विचारणारे सभासद पहिल्या रांगेतच बसलेले असतात. वाक्य तुम्हीच लिहिलेलं, अध्यक्षांना तुम्ही रोज ‘साहेब’ म्हणता, तेव्हा डोक्यात ते टिंब आधीच होतं. डोळ्यांनी तेच पानावर पाहिलं. आणि चार वेळा वाचून उपाय झाला नाही, उलट अपाय झाला. प्रत्येक वाचनाला मजकूर जास्त पाठ होत गेला आणि चौथ्या वेळी तुम्ही वाचत नव्हता, आठवत होता. प्रूफावर टाइप वेगळा, माप वेगळं, पानं वेगळी. ओळखीचा मजकूर अनोळखी कपड्यांत आला म्हणून पुन्हा वाचावा लागला.

मग कागदात स्वतःचं असं काही आहे का? यावर अभ्यास झालेत, आणि ते आम्हा कागदवाल्यांना फारसे सुखावणारे नाहीत. ऐंशीच्या दशकात हिरव्या अक्षरांच्या मॉनिटरवर लोक कागदापेक्षा हळू वाचत. १९८७ साली आयबीएमच्या संशोधकांनी दाखवून दिलं की स्क्रीनवरची अक्षरं कागदासारखी, म्हणजे पांढऱ्यावर काळी, रेखीव आणि गुळगुळीत कडांची केली, की वेगातला फरक जवळजवळ जातो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात लोकांना चुका शोधायचंच काम दिलं. चांगल्या सपाट स्क्रीनवर आणि कागदावर त्यांची कामगिरी सारखी आली. फरक एवढाच की स्क्रीनवाल्यांनी डोळे शिणल्याची तक्रार जास्त केली. म्हणजे कोऱ्या, दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरातल्या चुका, नीट प्रकाशात, चांगल्या स्क्रीनवर, लक्ष देऊन शोधल्या तर कागद फार पुढे नाही.

पण त्यातली ‘लक्ष देऊन’ ही अट बघा. २०११ मध्ये इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना तोच मजकूर कागदावर आणि स्क्रीनवर अभ्यासायला दिला. वेळ बांधून दिला तेव्हा दोन्हीकडे निकाल सारखे आले. कधी थांबायचं हे ज्याचं त्याला ठरवायला सांगितलं तेव्हा स्क्रीनवाले मागे पडले, आणि आपल्याला मजकूर आलाय असा त्यांचा अंदाज मात्र चढा होता. मला हे वाचून आमचे वस्ताद आठवले. ते म्हणायचे, “काचेवर माणूस वाचतोय असं त्याला वाटतंय.” ऑफिसच्या संगणकावर आपण दिवसभर चाळतोच. व्हॉट्सॲप चाळतो, मेल चाळतो, बातम्या चाळतो. त्याच काचेवर अहवाल आला की हात माउसच्या चाकावर जातो आणि डोळ्यांना तीच सवय लागते. कागद पुढ्यात आला, हातात पेन्सिल आली, की काम बदलतं.

पेन्सिलीचं महत्त्व लोकांना पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्क्रीनवर चूक दिसली की तुम्ही तिथेच दुरुस्त करता. म्हणजे वाचन थांबतं, कर्सर नेता, खोडता, टाइप करता, आणि झालं म्हणून मन सैल पडतं. त्याच ओळीत पाच शब्दांवर दुसरी चूक असेल तर ती नेमकी तेव्हाच सुटते. आणि चुका झुंडीने राहतात. टाइप करणाऱ्याचा चहा आला असेल, फोन वाजला असेल, त्या दोन ओळींत तीन चुका होतात. शिवाय दुरुस्ती करताना नवी चूक होते, कुठे शेजारचं अक्षर खोडलं जातं, कुठे शब्द दोनदा राहतो. तुमचा ‘सर्व सर्व’ असाच जन्मला असेल तर नवल नाही. कागदावर तुम्ही फक्त खूण करता, समासात दुरुस्ती लिहिता आणि पुढे जाता. दुरुस्ती नंतर, वेगळ्या बैठकीत.

आता कागदावर वाचायचं कसं. प्रिंट एकाच बाजूला काढा, समास मोकळा ठेवा. ओळीखाली पट्टी धरा म्हणजे खालची ओळ झाकलेली राहते आणि डोळ्याला पुढे पळता येत नाही. पहिल्या वाचनात फक्त मजकूर वाचा, आकडे सोडून द्या. दुसऱ्या वाचनात फक्त आकडे, तारखा आणि नावं बघा. ही दोन कामं एकदम केली की दोन्ही अर्धवट होतात. मथळे मात्र वेगळे, मोठ्याने, अक्षर अक्षर सुटं करून वाचा. सगळ्यात लाजिरवाण्या चुका मी मोठ्या टाइपातच पाहिल्यात, कारण मोठं अक्षर माणूस चित्रासारखं बघतो.

खिळ्यांच्या काळात प्रूफ दोघांनी वाचायचं असे. एक मूळ प्रत मोठ्याने वाचणार, दुसरा प्रूफावर बोट ठेवणार. वाचणारा नुसते शब्द वाचत नसे. “अध्यक्षां, टिंब, च्या” असं म्हणे. “सूत, दीर्घ.” “रविवार, स्वल्पविराम.” बाहेरच्याला ते विचित्र वाटे, पण ज्या खुणा डोळा गाळतो त्या कानावरून येत. संस्थेत शिपाई असो नाहीतर कॅशियर, कोणालाही अर्धा तास शेजारी बसवा आणि नोटीस आणि विषयपत्रिका तरी अशी वाचून घ्या. आख्ख्या अहवालाला गरज नाही.

कागदाला काही गोष्टी दिसतच नाहीत, हेही लक्षात ठेवा. ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी कोणी अपूर्णविराम टाइप केला असेल तर छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. दोन शब्दांत दोन मोकळ्या जागा पडल्या असतील तर जस्टिफाय केलेल्या ओळीत त्या लपून जातात. एकाच संचालकाचं आडनाव पान ५ वर एका तऱ्हेने आणि पान ३० वर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलं असेल तर मधल्या पंचवीस पानांत तुम्ही पहिलं विसरलेले असता. ही कामं यंत्राची. प्रिंट काढण्याआधी Ctrl+F ने दोन जागा शोधा, अपूर्णविराम शोधा, प्रत्येक नाव शोधा. ‘र्या’ पण शोधा : ‘दुसऱ्या’ आणि ‘सुधारणाऱ्या’ यांतला तो अर्धा ऱ टाइप करताना अनेकांचा चुकतो आणि ‘दुसर्या’ होऊन बसतो, तर ‘कार्यालय’मधला ‘र्या’ बरोबर असतो. त्यामुळे ‘सगळे बदला’ हे बटण दाबू नका, एकेक बघत जा.

आणि एक गोष्ट, जी माहीत नसल्यामुळे बऱ्याच संस्था फसतात. तुमच्या ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेली प्रत म्हणजे प्रूफ नव्हे. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करता, आणि कित्येक प्रेसमध्ये पान जुन्या फाँटांत लागतं. मजकूर त्यात बदलून घेताना नव्या चुका होतात, ज्या तुमच्या फाइलमध्ये कधीच नव्हत्या. अर्धा ऱ बिघडतो, ‘ॲड.’चा ‘अड.’ होतो किंवा तिथे चौकोन येतो, एखादं जोडाक्षर फुटतं. म्हणून शेवटचं वाचन प्रेसच्या अंतिम पानांवरच व्हायला हवं, ज्या पीडीएफवरून प्लेट निघणार तिच्याच प्रिंटवर.

स्क्रीनवर मोठं करून वाचण्याचा तोटा पुढे सांगतो म्हणालो होतो. तो एका प्रसंगानेच सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचा अहवाल माझ्याकडे आला. ४८ पानं, म्हणजे १६ पानांचे तीन फर्मे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सभा घ्यावी लागते आणि नोटीस १४ दिवस आधी जावी लागते. त्यामुळे जिल्ह्यातल्या सगळ्या दूध संस्था, सेवा संस्था, पतसंस्था प्रेसच्या दारात एकाच वेळी उभ्या असतात, त्यात गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं. अशा गर्दीत ही फाइल ‘सगळं तपासलंय, फक्त नजर टाका’ म्हणून आली.

नजर टाकली तर खरंच स्वच्छ होती. मग मी माझी नेहमीची पद्धत केली. प्रिंट सुटी ठेवली आणि ज्या ज्या पानावर लाभांशाचा किंवा भांडवलाचा उल्लेख होता ती पानं बाजूला काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडली. पान ३ वर विषयपत्रिकेत चौथा विषय : १२ टक्के लाभांशास मंजुरी देणे. पान ७ वर अध्यक्षांच्या मनोगतात १२ टक्के. पान १८ वर ताळेबंदात वसूल भाग भांडवल ८५,००,००० रुपये. पान २२ वर नफा वाटणीच्या तक्त्यात लाभांश ९,३५,००० रुपये. प्रत्येक पान आपापल्या जागी बरोबर. पण ८५ लाखांचे १२ टक्के होतात १०,२०,०००. भांडवल वर्षात वाढलं असेल तर आकडा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून मी आधी तेच धरलं. पण फरक काढला तर बरोबर ८५,०००, म्हणजे नेमका एक टक्का. भांडवलाच्या वाढीतून इतका गोल फरक पडत नाही. तक्ता ११ टक्क्यांच्या जुन्या मसुद्यातून आला होता.

आणखी गंमत म्हणजे तक्त्याची बेरीज जुळत होती. लाभांशात जे ८५,००० कमी पडले ते ‘शिल्लक नफा पुढे ओढला’ या शेवटच्या रकमेत जास्त होते. त्यामुळे बेरीज तपासणाऱ्याला काही सापडणार नव्हतं, शब्द तपासणाऱ्यालाही नाही. आणि स्क्रीनवर वाचणाऱ्याला सापडणं जवळजवळ अशक्य, कारण पान ७ आणि पान २२ यांच्यामध्ये पंधरा पानं सरकवावी लागतात. तोवर डोक्यात ‘१२’ उरतो, पण तो टक्के होता हेही धूसर झालेलं असतं. पान जितकं मोठं कराल तितकं हे सरकवणं वाढतं. दोन खिडक्या उघडून शेजारी ठेवता येतात, मान्य. पण आधी संशय आला तर माणूस तसं करतो. टेबलावर पानं पसरलेली असली की संशय न घेताही नजर एका आकड्यावरून दुसऱ्यावर जाते.

मी आकडा दुरुस्त केला नाही. ते मुद्रितशोधकाचं काम नाही. चारही पानांच्या समासात प्रश्नचिन्ह केलं, पान क्रमांक एकमेकांना जोडून लिहिले आणि व्यवस्थापकांना फोन केला. ठराव १२ टक्क्यांचाच निघाला. मग त्यांच्या लेखापालाने तक्ता आणि पुढे ओढलेली शिल्लक दोन्ही बदलून दिले. त्या बदललेल्या पानांचं पुन्हा प्रूफ काढलं आणि खुणा केलेल्या ओळींबरोबर त्यांच्या वरची आणि खालची ओळही वाचली, कारण एक आकडा लांबला की शेजारची ओळ सरकते.

तेव्हा दर वेळी छापायची गरज नाही. मसुदे स्क्रीनवरच वाचा, समास आणि टाइप बदलून, मोठं करून. मजकूर पक्का झाला की एक रात्र जाऊ द्या आणि एकदा प्रिंट काढून, शक्यतो ज्याने टाइप केलेलं नाही त्याच्याकडून, वाचून घ्या. दुसरी प्रिंट प्रेसच्या अंतिम पानांची. ‘छापण्यास हरकत नाही’ अशी सही त्याच कागदावर, प्रत्येक पानावर करा. सही झाल्यावर रात्री दहाला संचालकांपैकी कोणी प्रेसवाल्याला व्हॉट्सॲपवर ‘एवढी एकच ओळ बदला’ असं सांगितलं, तर त्या पानाची प्रिंट पुन्हा काढायला लावा. वरच्या अहवालातली ११ टक्क्यांची गफलत अशाच एका निरोपातून झाली होती : कोणीतरी विषयपत्रिका आणि मनोगत बदलायला सांगितलं आणि तक्ता राहून गेला.